फोटोतला तारकानकाशा मृगावरून तपासताना

शाळेच्या खगोल मंडळाच्या ग्रुपवर महिन्याच्या सुरुवातीला एक फोटो हमखास येऊन पडतो. प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या, मासिकातल्या किंवा दिनदर्शिकेतल्या तारकानकाशाचा तो कुणीतरी मोबाइलने काढलेला असतो. काळं वर्तुळ, त्यात पांढरे ठिपके, ठिपके जोडणाऱ्या रेघा आणि कडेला उ, पू, द, प. खाली निरोप असतो, ‘शनिवारी गच्चीवर येताना हे बघून या.’ शनिवारी मुलं जमतात, मोबाइल हातात धरतात आणि पाच मिनिटांत पहिली तक्रार येते, “सर, ह्यात पूर्व-पश्चिम उलटी छापलीय!”

छपाई बरोबर असते. भूगोलाच्या नकाशात आपण जमिनीकडे वरून खाली बघतो, म्हणून उत्तर वर धरली की पूर्व उजवीकडे येते. तारकानकाशात आपण खालून वर बघतो, म्हणून उत्तर वर ठेवली की पूर्व डावीकडे जाते. छत्रीच्या आतल्या बाजूला चित्र काढलंय आणि आपण छत्रीखाली उभे आहोत, असं समजा. छत्रीचा दांडा जिथे टेकतो तो डोक्यावरचा बिंदू म्हणजे नकाशाचा मध्य, आणि छत्रीची कडा म्हणजे क्षितिज. नकाशा असा डोक्यावर पालथा धरला की चारही दिशा आपापल्या जागी येतात. मान दुखायला लागली तर सोपा उपाय आहे. ज्या दिशेला तोंड करून उभे असू, त्या दिशेचं अक्षर खाली येईल असा नकाशा समोर धरायचा. दक्षिणेकडे तोंड असेल तर ‘द’ खाली, म्हणजे पूर्व डाव्या हाताला येते आणि ती प्रत्यक्षातही डाव्या हाताला असते. उत्तरेकडे वळलो की नकाशाही फिरवून ‘उ’ खाली आणायचा. मोबाइलवर हे करताना पडदा आपोआप फिरण्याची सोय आधी बंद करा, नाहीतर आपण नकाशा फिरवतो आणि फोन तो परत सरळ करतो.

इथवर छापील नकाशाचं झालं. फोटोची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण फोटो काढताना नकाशातलं बरंच काही गळून पडतं. कुठलाही वर्तुळाकार नकाशा तीन गोष्टी ठरवून काढलेला असतो : जागेचा अक्षांश, तारीख आणि वेळ. ही माहिती वर्तुळाखाली बारीक अक्षरांत एका ओळीत असते, आणि फोटो काढणारा नेमकी तीच ओळ कापतो, कारण त्याला वर्तुळ मोठं हवं असतं. ठिपक्याचा कुठला आकार म्हणजे किती तेजस्वी तारा हे सांगणारी पट्टीही त्याच कोपऱ्यात असते, तीही जाते. मग समोरचं वर्तुळ कुठल्या गावाचं आणि किती वाजताचं, हे ओळखायचं कसं?

हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला एक चांगलं उत्तर आहे, ते म्हणजे मृग. इंग्रजी नकाशात त्याला ओरायन म्हणतात. चार पायांचे चार तारे, पोटात घुसलेल्या बाणाचे एका ओळीतले तीन तारे आणि डोक्याशी तीन अंधुक ठिपके. ही आकृती इतकी ठळक आहे की वाईटात वाईट फोटोतही ती सापडते. आणि आकाशात ती अशा जागी आहे की नकाशाची जवळजवळ प्रत्येक तपासणी तिच्यावरून करता येते.

उदाहरणासाठी १५ फेब्रुवारी २०२६, रात्री साडेआठ ही वेळ घेऊ. महाशिवरात्रीची रात्र, अमावास्या दोन दिवसांवर, म्हणजे चांदण्याचा अडथळा नाही. ठिकाण मुंबई-अहिल्यानगरच्या पट्ट्यातलं, अक्षांश साधारण १९ अंश उत्तर. या वेळी मृग बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर असतो. त्याच्या पायांपैकी डावीकडे वरचा तांबूस तारा म्हणजे काक्षी, जो इंग्रजी नकाशात बेटलज्यूस म्हणून असतो. उजवीकडे खालचा निळसर पांढरा तारा राजन्य, म्हणजे रायजेल. बाणाची रेघ डावीकडे खाली वाढवली की व्याध, उजवीकडे वर वाढवली की रोहिणी, आणि आणखी थोडं पुढे गेलं की कृत्तिकांचा पुंजका.

पहिली तपासणी फोटो आरशातला आहे का याची. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही फोन उलटा करून ठेवतात. अक्षरं दिसत असतील तर ती उलटी असल्याचं लगेच कळतं; पण कडा कापलेली असली की अक्षरंच नसतात. नुसता फिरलेला फोटो निरुपद्रवी असतो, हाताने सरळ करता येतो. आरशातला फोटो कितीही फिरवला तरी आकाशाशी जुळत नाही. दोन्हींतला फरक ओळखायला तीन तारे पुरतात : काक्षी, प्रश्वा आणि व्याध. तिघांचा जवळजवळ समभुज त्रिकोण होतो. काक्षीवर बोट ठेवा, तिथून प्रश्वाकडे न्या, मग व्याधाकडे आणि परत काक्षीवर. खऱ्या नकाशात हा फेरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होतो, नकाशा कसाही धरला तरी. फेरा काट्यांच्या दिशेने झाला तर फोटो आरशातला आहे. फोनमधल्या फोटो-दुरुस्तीत चित्र डावं-उजवं पलटवायची सोय असते, ती वापरायची. मुलांना हे करायला आवडतं, कारण त्यात दिशांची अक्षरं लागत नाहीत आणि मोठ्यांना विचारावं लागत नाही.

दुसरी तपासणी अक्षांशाची. तिच्यासाठी फोटो कागदावर छापून घेणं उत्तम, आणि छापताना वर्तुळाचा व्यास १८ सेंटिमीटर येईल असं बघायचं. ए-फोर कागदावर ते सहज बसतं. मग त्रिज्या येते ९ सेंटिमीटर. मध्यापासून कडेपर्यंत, म्हणजे डोक्यावरून क्षितिजापर्यंत, ९० अंश असतात. तेव्हा एक सेंटिमीटरला दहा अंश असा सुटसुटीत हिशोब होतो. हात पूर्ण ताणून मूठ धरली की तिची रुंदीही आकाशात सुमारे दहा अंश भरते. मुलांचे हात आखूड असतात पण मुठीही लहान असतात, त्यामुळे हे माप त्यांनाही चालतं. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर ही आकाशातली एक मूठ.

आता मोजू. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर असतो तितकाच त्या जागेचा अक्षांश. आपल्या उदाहरणात तो उत्तर कडेपासून १.९ सेंटिमीटर आत असायला हवा, गच्चीवरून जेमतेम दोन मुठी वर. नागपूरचा नकाशा असेल तर २.१, पणजीचा असेल तर दीड सेंटिमीटरच्या जरा वर. इतका फरक शाळेच्या कामात सोडून द्यायला हरकत नाही. पण ध्रुव चार सेंटिमीटर आत असेल तर तो नकाशा ४० अंश उत्तरेचा आहे. इंटरनेटवर फुकट मिळणारे कितीतरी नकाशे युरोप-अमेरिकेतल्या वाचकांसाठी काढलेले असतात. त्यांत मृग दक्षिण क्षितिजाकडे बराच खाली घसरलेला दिसतो आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे अगस्त्य नसतो. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा ३७ अंश अक्षांशाच्या उत्तरेला क्षितिजावर येतच नाही. आपल्याकडे मात्र त्या रात्री तो दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, पावणेदोन मुठी वर दिमाखात उभा असतो. मृगाचा नकाशा आहे आणि त्यात अगस्त्य नाही, म्हणजे नकाशा परका आहे किंवा फोटोत दक्षिणेची कडा कापली गेली आहे. वर्तुळाची कडा पूर्ण दिसते का बघितलं की दोन्हींतलं कुठलं ते ठरतं.

इथे एक अडचण येते. सगळे नकाशे ‘एक सेंटिमीटरला दहा अंश’ या सरळ हिशोबाने काढलेले नसतात. काहींत मध्याजवळचं आकाश थोडं आकसलेलं आणि कडेजवळचं फुगलेलं असतं, कारण त्या पद्धतीत तारकासमूहांचे आकार बिघडत नाहीत. संगणकावरच्या तारांगणातून काढलेली चित्रं पुष्कळदा अशीच असतात. तेव्हा ध्रुव कडेपासून २.६ सेंटिमीटर आत मिळाला, तर अक्षांश वेगळा की पद्धत वेगळी? उत्तर पुन्हा मृगाकडे आहे. बाणाचे तीन तारे आकाशाच्या विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहेत, म्हणून ध्रुवापासून ते सुमारे ९१ अंशांवर असतात. हे अंतर गाव बदललं तरी बदलत नाही. बाण दक्षिणोत्तर रेषेवर असताना सरळ हिशोबाच्या नकाशात ध्रुव ते बाण हे अंतर ९.१ सेंटिमीटर भरतं, मुंबई असो की लंडन. कडेला फुगणाऱ्या पद्धतीत तेच आपल्या अक्षांशावर आठाच्या आसपास येतं. आधी हे अंतर मोजा, त्यावरून पद्धत कळेल. अंतर नऊच्या वर भरलं आणि तरी ध्रुव भलतीकडे असेल, तर दोष अक्षांशाचा.

पट्टी लावण्याआधी आणखी एक पाहायला हवं : वर्तुळ खरोखर वर्तुळ आहे का. भिंतीवरचा तक्ता उंचावर असतो, मुलं खालून फोटो काढतात आणि वर्तुळाचं अंड होतं. पूर्व-पश्चिम व्यास आणि दक्षिणोत्तर व्यास दोन्ही मोजायचे. एक १८ आणि दुसरा १७ असेल तर फोटो तिरका आहे आणि एका दिशेची सगळी मापं चुकणार. कागदपत्रं टिपण्यासाठी फोनमध्ये जी स्कॅनची सोय असते ती चार कोपरे ओळखून हा तिरकेपणा बऱ्यापैकी काढते, फक्त चारही कोपरे फोटोत असावे लागतात.

वेळेची तपासणी त्यामानाने सोपी आहे. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, कारण पृथ्वी सूर्याभोवती रोज थोडी पुढे सरकलेली असते. चार मिनिटं ऐकायला क्षुल्लक वाटतात. पंधरवड्यात त्यांचा एक तास होतो आणि महिन्यात दोन. त्यामुळे १५ फेब्रुवारीचा साडेआठचा नकाशा १ फेब्रुवारीला साडेनऊला चालतो आणि १५ जानेवारीला साडेदहाला. १५ मार्चला तो साडेसहाला चालायला हवा, पण तेव्हा सूर्य मावळलेलाच नसतो! उलट, महिन्याच्या १ तारखेसाठी काढलेला नकाशा ३० तारखेला त्याच वेळी वापरला तर आकाश दोन तास पुढे गेलेलं असतं. डोक्यावर असायला हवे ते तारे पश्चिमेला कललेले दिसतात आणि मुलं म्हणतात नकाशा चुकलाय. फोटोत तारीख-वेळ नसेल तर मृग कुठे काढलाय ते पाहा. तो दक्षिणोत्तर रेषेच्या पूर्वेला असेल तर नकाशा आपल्या वेळेच्या आधीचा, पश्चिमेला असेल तर नंतरचा. बाणाच्या ताऱ्यांना विषुववृत्तावर १५ अंश सरकायला एक तास लागतो, म्हणून साधारण दीड मूठ म्हणजे एक तास हा अंदाज पुरतो.

महाराष्ट्र आडवा पसरलेला आहे, तेव्हा गावागणिकही थोडा फरक पडतो. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं. मुंबई ७२.९ वर, नागपूर ७९.१ वर. त्यामुळे मृग मध्यावर येतो तो नागपुरात मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी. निरीक्षणवहीत वेळ लिहिताना गावाचं नाव लिहायचं ते यासाठी.

आता ठिपक्यांकडे वळू, कारण फोटोत सगळ्यात जास्त नासाडी त्यांची होते.

ताऱ्यांचं तेज प्रतींमध्ये मोजतात. ही पद्धत प्राचीन ग्रीकांची : ठळक तारे पहिल्या प्रतीचे, डोळ्याला जेमतेम दिसणारे सहाव्या. आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक. १८५६ साली नॉर्मन पोग्सन या इंग्रज खगोलज्ञाने तिला गणिती शिस्त लावली. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक, म्हणजे एका प्रतीला सुमारे अडीच पट. हेच पोग्सन पुढे मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले आणि १८९१ मध्ये मद्रासमध्येच वारले. त्यांच्या मोजपट्टीवर व्याध उणे १.४६, राजन्य ०.१, बाणाचे तीन तारे दोनच्या आगेमागे आणि मृगाच्या डोक्यातला सर्वांत ठळक तारा ३.४. म्हणजे व्याध या शेवटच्या ताऱ्यापेक्षा सुमारे नव्वद पट तेजस्वी.

नकाशात नव्वद पट मोठा ठिपका काढला तर त्याखाली अर्धा तारकासमूह झाकला जाईल. म्हणून नकाशाकार ठिपक्यांचे ठरावीक आकार निवडतो, व्याधाला पाच मिलिमीटर, अंधुक ताऱ्याला अर्धा मिलिमीटर असे काहीतरी. ठिपका दुप्पट दिसला म्हणून तारा दुप्पट तेजस्वी, असा अर्थ त्यातून काढायचा नसतो. ठिपक्याचा आकार फक्त प्रत सांगतो, आणि तीही पट्टीशी ताडून.

फोटो ग्रुपवर पाठवताना तो आकसतो. समजा १८ सेंटिमीटरचं वर्तुळ १२०० पिक्सेलांत आलं. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याच्या वाट्याला मग तीनच पिक्सेल येतात. हात हलला, फोकस जरा चुकला, की प्रत्येक ठिपक्याची कडा चहूबाजूंनी सारखीच पसरते. पाच मिलिमीटरच्या ठिपक्याला त्याने काही फरक पडत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा मात्र दुप्पट होतो आणि तिसऱ्या प्रतीसारखा दिसायला लागतो, नाहीतर काळ्यात मिसळून नाहीसा होतो. दोन्ही चुका एकाच फोटोत सापडतात, मध्यभागी एक आणि कोपऱ्यात दुसरी. तक्ता चकचकीत असेल आणि फ्लॅश मारला असेल, तर आणखी एक भाग पांढरा फट्ट होऊन तिथले तारे सरळ पुसले जातात.

या नासाडीचा सर्वांत मजेदार बळी म्हणजे कृत्तिका. तिथे सहा-सात बारीक ठिपके एकमेकांना खेटून छापलेले असतात. पुसट फोटोत त्यांचा एकच गोळा होतो आणि तो रोहिणीच्या तोडीचा दिसतो. मग वहीत नोंद येते, ‘वृषभ राशीत पहिल्या प्रतीचे दोन तारे’. आकाशात बघितलं तर तिथे एक तारा नसून धुरकट पुंजका दिसतो, आणि त्यातला सर्वांत ठळक ताराही जेमतेम २.९ प्रतीचा आहे. फोटोतला एखादा मोठा ठिपका संशयास्पद वाटला तर त्याची कडा मोठी करून बघा. खऱ्या मोठ्या ठिपक्याची कडा गोल आणि रेखीव असते, चिकटलेल्या ठिपक्यांची वेडीवाकडी.

प्रतींची पट्टी फोटोत नसेल तर ती मृगावरून बनवता येते. काक्षी आणि राजन्य यांच्या ठिपक्यांचा आकार म्हणजे शून्य ते अर्धी प्रत. बाणाचे तारे म्हणजे दोन. डोक्याजवळचा मोठा ठिपका म्हणजे ३.४, आणि त्याला लागून असलेले दोन बारीक ठिपके चारच्या किंचित पुढचे. हे पाच-सहा ठिपके कागदाच्या पट्टीवर त्याच आकारात उतरवून घेतले की आपली पट्टी तयार. डोक्याचे ठिपके फोटोत दिसतच नसतील, तर या फोटोत तिसऱ्या प्रतीपलीकडचं काही उरलेलं नाही असं समजून चालावं. तशा फोटोवरून ‘इथे तारा नाही’ असं म्हणता येत नाही.

हीच कसोटी आकाशालाही लावायची. गच्चीवर डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्यावीत, त्या वेळात मोबाइलकडे बघू नये (हा नियम मुलांपेक्षा पालकांना जड जातो), आणि मग मृगाच्या डोक्याकडे पाहावं. तिथे काहीच दिसत नसेल तर त्या गच्चीवरून ३.४ प्रतीचा ताराही दिसत नाही. मोठ्या शहरात बहुधा असंच असतं. एक ठिपका दिसला तर मर्यादा साडेतीनच्या आसपास. तीन तारे वेगवेगळे, बारीक त्रिकोणासारखे दिसले तर आकाश साडेचार प्रतीपर्यंत खुलं आहे, आणि ते गाव भाग्याचं. फोटोची मर्यादा आणि आकाशाची मर्यादा अशी एकाच ताऱ्यांवर मोजली की नकाशात आहे पण आकाशात नाही, या तक्रारींचा निकाल लागतो.

उलट तक्रारही येते, आकाशात आहे पण नकाशात नाही. २०२६च्या फेब्रुवारीत तर ती नक्की येणार. पूर्वेकडे उंचावर मिथुन राशीत, पुनर्वसूच्या जोडीच्या पश्चिमेला, व्याधापेक्षाही तेजस्वी असा एक ‘तारा’ त्या महिन्यात झळकतो. भिंतीवरच्या कायमस्वरूपी तक्त्यात त्याचा पत्ता नसतो. तो गुरू. ग्रह दर वर्षी वेगळ्या ठिकाणी असतात, म्हणून कायमच्या नकाशात ते छापतच नाहीत. त्या विशिष्ट महिन्यासाठी काढलेल्या नकाशात असतात. त्यामुळे ग्रुपवरच्या फोटोत गुरू सिंह राशीत दिसत असेल, तर तो फोटो वेगळ्या वर्षाचा आहे हे तारीख न वाचताही कळतं.

ताऱ्यांतही एक चंचल आहे, आणि तोही मृगातच. काक्षीचं तेज एकसारखं राहत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत तो अर्ध्या प्रतीवरून १.६ पर्यंत उतरला होता, नुसत्या डोळ्यांनी कळेल इतका, आणि पुढे पुन्हा पूर्वपदावर आला. नकाशातला त्याचा ठिपका अर्थातच जागचा हलला नाही. मंडळाने दर महिन्याला काक्षीची तुलना रोहिणीशी करून ‘जास्त, सारखा, कमी’ एवढं जरी लिहिलं तरी दोन-तीन हिवाळ्यांत वही वाचनीय होते.

राहिल्या दिशा. गच्चीवर सगळ्यात आधी कुणीतरी फोनमधलं होकायंत्र काढतं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाच्या आतलाच फरक आहे, तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते गच्चीवरच्या लोखंडाने, म्हणजे पाण्याच्या टाकीची चौकट, कठडा, स्लॅबमधल्या सळया, आणि फोनच्या कव्हरमधल्या चुंबकाने. दोन मुलांचे फोन शेजारी धरले तर वीस-वीस अंशांचा फरक दाखवू शकतात. अशा वेळी ताऱ्यांवर विश्वास ठेवावा. बाणाचा सर्वांत वरचा तारा विषुववृत्तावर आहे, म्हणून तो पूर्वेलाच उगवतो आणि पश्चिमेलाच मावळतो. आपल्या उदाहरणातल्या रात्री साडेआठला बाण आकाशात सर्वांत उंचावर, सुमारे सात मुठी वर असतो. तिथून सरळ खाली क्षितिजापर्यंत उतरलं की दक्षिण. पाठ फिरवली की उत्तर, आणि तिथे दोन मुठींवर ध्रुव. तो व्याधासारखा झळझळीत असेल अशी मुलांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो दुसऱ्या प्रतीचा, बाणातल्या ताऱ्यांइतकाच. त्या वेळी ईशान्येला सप्तर्षींचे पुढचे चार तारे वर आलेले असतात, शेपटीचं टोक क्षितिजाखाली असतं, आणि वायव्येला शर्मिष्ठेचा इंग्रजी एम-डब्ल्यूसारखा आकार मावळतीकडे कललेला असतो. दोघांच्या मधोमध एकटा दिसणारा तारा म्हणजे ध्रुव. एकदा उत्तर पक्की झाली की खडूने गच्चीवर बाण काढून ठेवा. पुढच्या महिन्यात ते काम परत करावं लागत नाही.

तारकासमूहांच्या रेघांवरून मात्र वाद घालू नये. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने आकाशाचे ८८ तारकासमूह आणि त्यांच्या सीमा ठरवल्या, त्या १९३० मध्ये प्रसिद्ध झाल्या. ठिपके जोडणाऱ्या रेघा कुणीही ठरवलेल्या नाहीत. एका नकाशात मृगाच्या हातात ढाल असते, दुसऱ्यात नसते, आपल्याकडच्या जुन्या तक्त्यांत तर तो चार पायांचा हरिण असतो. दोन फोटोंतल्या रेघा जुळल्या नाहीत तर काही बिघडत नाही. ठिपके जुळले पाहिजेत.

ज्या मंडळाला हे सगळं तपासत बसायचं नसेल त्याने आपला नकाशा आपणच काढावा. ‘स्टेलॅरियम’ हे संगणकावरचं तारांगण फुकट मिळतं. त्यात गावाचं नाव, तारीख आणि वेळ टाकली की त्या गच्चीवरचं आकाश समोर येतं, ग्रहांसकट. नाही जमलं, तर तक्त्याचा फोटो काढणाऱ्याने एवढं पाळावं : तक्त्यासमोर सरळ उभं राहा, फ्लॅश बंद ठेवा, पूर्ण वर्तुळ, चारही दिशांची अक्षरं, खालची अक्षांश-तारीख-वेळेची ओळ आणि प्रतींची पट्टी चौकटीत घ्या, आणि ग्रुपवर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो आकसत नाही आणि मृगाच्या डोक्यातले तिन्ही ठिपके पोचतात.